तोंडावरची चिलटं

वेलायुधन माडावरून पडला त्याला मे महिन्यात तीन वर्षं पूर्ण होणार होती. चित्तूरच्या त्या पट्ट्यात माडी काढणारे पुष्कळ होते, पण पंचवीस वर्षांत ज्याचा पाय एकदाही घसरला नाही असा तो एकटाच, असं लोक म्हणायचे. घसरला तो एकदाच. मान मोडली, जीव वाचला, आणि तेव्हापासून त्याला खांदे तेवढे जरासे उचलता येत. हात त्याचेच होते, पण त्याचं ऐकत नव्हते.

त्याच्या बायकोनं, तंकमणीनं, तो पडल्याच्या तिसऱ्या महिन्यातच चूल मोठी करून घेतली. तिच्या आईची उरुळी होती, काशाची पसरट कढई, दोन माणसांनी उचलावी एवढी. त्या उरुळीत ती केळ्याची वरट्टी घोटायला लागली. पिकलेली नेंद्रन केळी, गूळ आणि तूप, बस्स, पण तीन-चार तास हात थांबवायचा नाही. लग्नाच्या पंगतीतली पायसमची खीर असो की सहा महिन्यांच्या बाळाचा पहिला घास, लोक तिच्याकडूनच वरट्टी न्यायला लागले. उन्हाळ्यात आंबे सुरू झाले की मुतलमडाच्या वखारीतले दबलेले, डाग पडलेले आंबे यायचे. त्यांचा रस चटईवर पसरून ती आंबापोळी करायची.

वेलायुधनची खाट मधल्या खोलीत होती, स्वयंपाकघराच्या दारासमोर. ती तिथं त्यानंच ठेवायला लावली होती. "भिंत बघत पडून राहणार नाही," एवढंच तो म्हणाला होता. तिथून त्याला चूल दिसे, मागचं दार दिसे, दारापलीकडचे दोन माड दिसत. पुढं पुढं तो बोलेनासा झाला. विचारलं तर हो किंवा नाही. तंकमणीनं ते दुखणं म्हणूनच धरलं. माणूस मानेपासून खाली गेला, तसा बोलण्यातूनही गेला, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि कामाला लागली.

त्या वर्षी एप्रिलमध्ये लग्नं एकावर एक आली. स्वयंपाकघरात दांडीला पाच घड टांगलेले, खाली गवतावर आंबे. नेंद्रन केळं पिवळं झालं म्हणून चालत नाही. साल काळी पडून हाताला मऊ लागेस्तोवर थांबावं लागतं, नाहीतर वरट्टीला चव नाही. अशी काळी केळी आणि फुटलेले आंबे एका घरात म्हटल्यावर चिलटं येणारच. दरवर्षी यायची. पदरानं हाकलायची, कामाला लागायचं. त्या वर्षी मात्र पदर हलला की घडावरून धूर उठल्यासारखी उठायची आणि पुन्हा बसायची.

एका दुपारी वीज गेली. तंकमणी उरुळीपाशी होती, गूळ नुकताच पडला होता, हात सोडता येत नव्हता. तासाभरानं तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, घाम पुसला आणि त्याला पाणी द्यायला गेली.

वेलायुधन डोळे मिटून पडला होता. पंखा बंद होता. त्याच्या ओठांच्या कडेला, नाकपुडीशी, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या ओलाव्यावर चिलटं बसली होती. पंधरा-वीस तरी असतील. झोपलाय असं तिला वाटलं. मग तिनं पाहिलं, की त्यानं जबडा आवळून धरलाय आणि खांदा राहून राहून उचलतोय. तो खांदा गालापर्यंत पोचत नव्हता.

"अगं बाई!" तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "हाक का नाही मारली मला? दहा पावलांवर होते मी!"

त्यानं डोळे उघडले. ओठ एका कोपऱ्यातून जेमतेम हलले.

"तोंड उघडलं की आत जातात."

तंकमणी तिथंच खाली बसली. तासभर हा माणूस तोंड मिटून पडला होता आणि आपण त्याच्याकडं पाठ करून गूळ घोटत होतो, हे तिला काही केल्या गिळवेना. त्या संध्याकाळी तिनं मच्छरदाणी काढली आणि दिवसाही खाटेवर लावली. त्यानं अर्धा तास सोसलं. मग म्हणाला, "काढ ती. मेलेल्यालाही एवढं झाकत नाहीत. श्वास कोंडतोय." तो हट्ट नव्हता. त्याची छाती खरंच अर्ध्यानंच चालत होती. तिनं मच्छरदाणी काढली.

त्यांचा मुलगा बिनीष रिक्षा चालवायचा. आईनं त्याला घडलेलं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी येताना तो किडे मारायचा फवारा घेऊन आला. तंकमणी मागच्या अंगणात चटईवर आंब्याचा दुसरा थर देत होती. बिनीषनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि घडांवर, आंब्यांवर, मोरीत, कोपऱ्याकोपऱ्यात फवारलं. मधलं दार त्यानं ओढून घेतलं होतं. पण ते दार कधीच नीट बसायचं नाही.

तंकमणीला आधी वास आला. मग एक आवाज आला, खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे. कुणी फुंकर घालतंय आणि ती जमत नाहीये, असा.

ती रसाच्या हातांनी धावली. वेलायुधनचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. छातीत कफ अडकला होता आणि तो बाहेर फेकायला पोटात जोरच नव्हता. घरी पाहायला येणाऱ्या नर्सनं, सिस्टर लिस्सीनं, तिला दोनदा शिकवून ठेवलं होतं. तिनं त्याला कुशीवर वळवलं, दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली लावले आणि ओरडली, "खोका! आता!" तो खोकायला गेला, त्याच क्षणी तिनं आत आणि वर जोर दिला. एकदा. दोनदा. चौथ्यांदा घट्ट कफाचा गोळा सुटला आणि त्यानं आवाज करत श्वास घेतला.

बिनीष दारात फवारा हातात धरून उभा होता.

"बाहेर टाक ते," तंकमणी म्हणाली. "आणि सगळी दारं-खिडक्या उघड. आणि खाट अंगणात न्यायला दोन माणसं बोलाव. बघत काय उभा राहिलायस!"

संध्याकाळी सिस्टर लिस्सी आली. छाती तपासली, बोटाला यंत्र लावून पाहिलं, औषधाची वाफ दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिथं अजून वास होता.

"चेच्ची, तुम्ही जोर दिलात म्हणून आज हे आहेत," ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. "यांच्या छातीत ताकद किती, तर चमचाभर. फवारा नको, मच्छरांची कॉइल नको, उदबत्तीसुद्धा नको. आणि ही उघडी फळं आता कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका."

"मग चिलटांचं काय करायचं, सिस्टर?"

"फळं घरात नसतील तर चिलटं नसतील," सिस्टर म्हणाली. ती वाईट बोलली नाही. खरं तेच बोलली. पण त्या घरात ते वाक्य धोंड्यासारखं पडलं.

पाचही घड आणि सगळे आंबे तंकमणीनं शेतकडेला खड्डा करून पुरले. दोन लग्नघरांना वरट्टी होणार नाही असा निरोप गेला. बिनीष दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईसमोर येऊन बसला.

"अम्मा, बंद कर हे. मी रात्रीच्याही फेऱ्या मारीन. अच्छनच्या तोंडावर, बापाच्या तोंडावर माश्या बसवून आपल्याला वरट्टी नको."

"ते तूच सांगायचं राहिलं होतं," ती म्हणाली. पण तिचंही मन ठरत आलं होतं. त्या दुपारी वेलायुधनला भात भरवताना तिनं सांगून टाकलं, "उरुळी शेजारच्या अम्मिणीला देऊन टाकते. तिच्या सुनेला पाहिजे म्हणत होती."

तो घास गिळायचा थांबला.

"मला विचारलंस?"

"काय?"

"मला विचारलंस का, म्हणतो." आवाज बारीक होता, पण धार होती. "तीन वर्षं झाली. कूस बदलू का, विचारता. पाणी देऊ का, विचारता. दुसरं काही विचारलंय कुणी मला?"

तंकमणीच्या हातात घास तसाच राहिला.

"मग सांगा," ती म्हणाली. "विचारते. काय करू?"

तो बराच वेळ दारातून घडांची रिकामी दांडी बघत होता.

"पंचवीस वर्षं मी चिलटं बघितली, तंके. रोज मडक्यातून काढून फेकली. सकाळची ताजी नीरा गोड असते. तिच्यावर मुंग्या येतात, मधमाश्या येतात. चिलट नाही फिरकत. तीच दुपारपर्यंत ठेव, जरा फेसाळू दे, की आलीच. गोडाला मुंगी, आंबलेल्याला चिलट. केळ्याला नाही येत ती, केळं आतून आंबायला लागतं त्याच्या वासाला येतात. त्यांना त्याच वासानं दुसरीकडं ने."

त्याला धाप लागली. तीन वर्षांत एका दमात एवढं तो बोलला नव्हता. तंकमणीनं त्याला पाणी पाजलं, आणि उरुळी अम्मिणीकडं गेली नाही.

फक्त दोन घड मागवले, आणि थोडे आंबे. ती वाडग्यात माडीचा शिरका ओतून घडाखाली ठेवू लागली. चिलटं आली खरी. काठावर ओळीनं बसली, प्यायली, आणि उडून पुन्हा केळ्यांवर गेली.

"पाहुणचार झाला," बिनीष म्हणाला. "आता विडा-सुपारी दे."

"मडक्याचं तोंड केवढं असतं?" वेलायुधननं खाटेवरून विचारलं.

"लहान," तंकमणी म्हणाली.

"मग? उघड्या ताटात कोण बुडतं?"

तंकमणीनं लोणच्याची काचेची बरणी घेतली. तळाला दोन बोटं शिरका, त्यात काळ्या केळ्याचा एक तुकडा. जुन्या कॅलेंडरचं पान गुंडाळून नरसाळं केलं, टोकाला मुगाचा दाणा जाईल एवढंच भोक ठेवलं, आणि टोक खाली करून बरणीत बसवलं. टोक शिरक्याला टेकू द्यायचं नाही, आणि कडेला फट राहू द्यायची नाही. तिथं तिनं कणीक लावली. चिलटं वासामागं नरसाळ्यातून खाली उतरायची आणि आत गेली की काचेकडं, उजेडाकडं धडकत बसायची. मधलं भोक त्यांना सापडायचं नाही.

ते बघून तिला इतका हुरूप आला, की दुसरी बरणी करून तिनं थेट त्याच्या उशाशी ठेवली. त्याच्या तोंडाजवळची सगळ्यात आधी जावीत म्हणून. तासाभरात त्याच्या तोंडावर आधीपेक्षा दुप्पट झाली.

"तंके," तो ओठ न हलवता म्हणाला, "माडीचं दुकान माझ्या उशाशी का काढलंस?"

ती धावत येऊन बरणी उचलायला वाकली आणि बघते तर तो हसत होता. तोंड मिटून, फक्त डोळ्यांनी. तिलाही हसू फुटलं, आणि लगेच रडू. दोन्ही बरण्या फळांपाशी गेल्या, खाटेपासून जेवढ्या लांब जातील तेवढ्या.

तरी एक घोळ होताच. सकाळी शिरका बदलायला नरसाळं काढलं, की आतली जिवंत असलेली भर्रकन बाहेर. शिरक्यावर ती चालायची, पाण्यावर पाणनिवळ्या चालतात तशी. मग एके दिवशी एका बरणीत सगळी तळाशी गेलेली दिसली, दुसरीत सगळी जिवंत. तंकमणीनं दोन्ही बरण्या त्याला नेऊन दाखवल्या.

"शिरका एकाच बाटलीतला," ती म्हणाली. "केळं एकच."

"बरणी कशानं धुतलीस?"

तिनं आठवलं. पहिली बरणी घाईत धुतली होती. भांड्यांच्या साबणाचा फेस आत राहिला असणार. तिनं पुढच्या वेळी दोन्हींत साबणाचे दोन दोन थेंब टाकले, फेस न करता हलकेच ढवळले. चिलट शिरक्यावर टेकलं की बुडायला लागलं.

"साबणानं पाण्याची साय मोडते," सिस्टर लिस्सी मंगळवारी आली तेव्हा म्हणाली. ती वाकून बरणी बघत होती. "पण चेच्ची, ही उडणारी तेवढी झाली. अंडी फळात आणि ओल्या घाणीत असतात. आठ-दहा दिवसांत नवीन उडायला लागतात. दोन-तीन आठवडे कंटाळू नका. आणि बरणीतलं केळं तीन-चार दिवसांवर ठेवू नका, नाहीतर त्यातच पिलावळ व्हायची."

मग तंकमणीनं शिस्तच लावली. फळं आली की धुवायची, पुसायची. फुटलेलं असेल ते त्याच दिवशी उरुळीत, नाहीतर खड्ड्यात, वर माती. पिकायला आलेला घड मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, जुन्या पातळ कापडात गुंडाळून देठाशी घट्ट बांधायचा. हवा जाते, चिलट जात नाही. सालीचं टोपलं घरात संध्याकाळ बघणार नाही.

चिलटं निम्मी झाली. निम्म्यावर आली आणि तिथंच थांबली. दहा दिवस गेले, पंधरा गेले. बरण्यांत रोज तेवढीच. तंकमणी रडकुंडीला आली.

"घड बांधलेत, साली नाहीत, ओटा पुसलेला," ती म्हणाली. "येतात कुठून मेली?"

वेलायुधन म्हणाला, "उद्या उजाडताना मागचं दार उघड आणि चूल पेटवू नकोस. मला दाराकडं तोंड करून कुशीवर कर."

"उजाडताना का?"

"दुपारी बसल्या जागी असतात ती. उजाडताना आणि दिवेलागणीला उठतात. माझी झाडावर चढायची वेळ तीच होती. मला ठाऊक नाही तर कुणाला?"

दुसऱ्या दिवशी दारातून पहिला तिरका उजेड आला. तो अर्धा तास बघत राहिला. एवढ्या बारीक जिवाचा माग उभ्या, कामात असलेल्या माणसाला लागत नाही. तो पडून होता. दुसरं काही करायचं नव्हतं. उजेडाच्या पट्ट्यात ठिपके वर चढताना त्याला दिसत होते.

"घडाकडून नाही येत," तो शेवटी म्हणाला. "खालून येतात. मोरीच्या भोकातून, एकेक. बाहेर पडतात, भिंतीला बसतात, मग वर जातात."

बिनीषनं मोरीची जाळी उपसली. खाली नळीच्या तोंडाशी बोटभर जाड, काळा-पिवळा, बुळबुळीत थर होता. तीन वर्षांचं केळ्याचं, गुळाचं, आंब्याचं धुणं तिथंच साठलं होतं, आणि त्यात पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. बिनीष चेहरा वळवून थुंकला. मग बाही दुमडून खाली बसला. नारळाच्या सोडणानं त्यानं नळी आतून घासघासून काढली. तंकमणी वर उकळतं पाणी ओतत होती. दोघं दुपारपर्यंत त्याला लागले होते.

मधेच बिनीष उठून मधल्या खोलीत आला. हात कोपरापर्यंत काळे होते, म्हणून लांबच उभा राहिला.

"अच्छन," तो म्हणाला, "त्या दिवशी मी—"

"अळ्या किती होत्या?" वेलायुधननं विचारलं.

"पुष्कळ."

"मग इथं काय करतोयस? जा. उरलेली नळी कोण घासणार, तुझा सासरा? लग्न तरी झालंय का?"

बिनीष गेला. आतून नळी घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात. तंकमणीनं उकळतं पाणी हळू ओतलं, म्हणजे त्याला नाक पुसायला वेळ मिळावा.

त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी मोरीत उकळतं पाणी. महिन्याभरात बरण्यांत रोजची दोन-चार चिलटं सापडायला लागली, कधी तीही नाहीत. अजिबात गेली असं कधीच झालं नाही. फळं घरात आहेत तोवर ती जाणार नाहीत, हे तंकमणीला आता कळलं होतं. पण त्याच्या तोंडापर्यंत पोचेनाशी झाली.

आणि वेलायुधन बोलायला लागला. फार नाही. पण घड आला की विचारायचा, कुठल्या शेतातला. वरट्टीचा रंग दारातूनच बघून सांगायचा, अजून अर्धा तास. तंकमणी कधीकधी मुद्दाम चूक करायची, म्हणजे त्यानं रागवावं. ऐन पावसात तिनं आणखी दोन घड मागवले.

ऑगस्टमध्ये ओणम आला. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. स्वयंपाकघरात बारा घड होते. त्याच आठवड्यात वेलायुधनच्या छातीत पाणी झालं. ताप उतरेना. दवाखान्यातून डॉक्टर येऊन गेले. मोठ्या इस्पितळात नेलं तर नळी घालतील, कदाचित काही दिवस मिळतील, म्हणाले. वेलायुधननं नाही म्हणून सांगितलं. तो एकदा इस्पितळात तीन महिने छताकडं बघत पडून राहिला होता.

"मी हे घड देऊन टाकते," तंकमणी त्याच्या कानाशी म्हणाली. "ओणमचं जाऊ दे."

"नको. वास येऊ दे." मग बराच वेळ थांबून, श्वास गोळा करून, "तंके, आता मला तोंड मिटवत नाहीये. श्वास तोंडानंच घ्यावा लागतो. तोंड उघडं ठेवूनच जायचं असतं बहुतेक माणसाला. तेवढं सांभाळ."

"सांभाळते," ती म्हणाली.

तिनं घडांची सगळी कापडं पुन्हा तपासली. बरण्या दोनाच्या सहा केल्या. सकाळ-संध्याकाळ मोरीत पाणी. वरट्टी घोटायला अम्मिणी आणि तिची सून येऊन बसल्या, न बोलावता. उरुळी एक क्षण थांबली नाही. तंकमणी खाटेजवळून हलली नाही. तिच्या हातात ताडाच्या पानाचा पंखा होता, वीज गेली तर म्हणून. तीन दिवस ती त्या माणसाच्या उघड्या तोंडाकडं बघत होती. तीन दिवसांत तिनं एकच चिलट पाहिलं. ते उशीवर टेकलं. तिनं हातानंच टिपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आला नाही. खोलीत पिकल्या केळ्यांचा वास भरलेला होता. सिस्टर लिस्सी पोचली तेव्हा तंकमणी त्याचा जबडा कापडानं बांधत होती, सावकाश, एखाद्याचं मुंडासं बांधावं तसा.

"शेवटी त्रास झाला का, चेच्ची?"

"छातीचा झाला," तंकमणी म्हणाली. "दुसरा कसला नाही झाला."

त्यांच्या रिवाजाप्रमाणं सोळा दिवसांनी सुतक फिटलं. त्यानंतरच्या मंगळवारी सिस्टर लिस्सीची जीप नेहमीसारखी गल्लीत आली आणि दाराशी थांबली. तंकमणीला वाटलं, खाट परत न्यायला आली असेल. खाट दवाखान्याचीच होती.

"खाट पुढच्या आठवड्यात नेऊ," सिस्टर म्हणाली. "आज तुम्हाला न्यायला आलेय. कोळिंजांपाऱ्यात एक बाई आहे, सैनबा. गालाला कॅन्सर, जखम उघडी आहे. घरात फळांचा धंदा. मुलं फवारा आणायला निघाली होती, मी थांबवलंय. मी सांगून त्यांना कळत नाहीये."

"मी काय सांगणार? तुम्ही शिकलेल्या."

"माझ्या पुस्तकात मोरी नव्हती, चेच्ची."

तंकमणीनं क्षणभर विचार केला. अंगावरची साडी बदलली, शिरक्याची बाटली पिशवीत घातली आणि जीपमध्ये बसली.

त्या घरात पाऊल टाकताच तिला वासावरून कळलं, की फळं कुठं आहेत. दोन्ही मुलं, सुना, शेजारी सगळे एकदम बोलायला लागले. हे केलं, ते केलं, पपया फेकून दिल्या, काही उपयोग नाही. तंकमणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यांच्यामधून वाट काढत ती आतल्या खोलीत गेली. खाटेवर एक बारीकशी म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. गालावर फडकं होतं.

तंकमणी खाटेच्या त्या अंगाला गेली, तिला आपला चेहरा दिसेल अशी खाली बसली.

"सैनबा ताई," ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर इथं पडून असता. मला सांगा, येतात कुठल्या बाजूनं ती?"

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. मग पांघरुणाखालून सावकाश हात बाहेर काढला आणि एका बोटानं दाखवलं.